पाचव्या नळीचं टोक

मला रडू लवकर येत नाही, राग लवकर येतो. तरी एकदा भर लॅबोरेटरीत, सगळ्या बॅचच्या देखत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. दोन्ही हातांत काचेच्या नळ्या होत्या, म्हणून ते पुसताही आलं नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती आणि वर्ष मोठ्या दुष्काळाचं होतं.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी जाफराबादकडच्या एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला. आईवडील त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. सुट्टीत घरी गेलो की मीही त्यांच्या शेजारी बसून हातोडा चालवायचो, आणि वडील माझ्या हातातला हातोडा काढून घ्यायचे. म्हणायचे, "तुझे हात काचेच्या कामाचे हाईत. ते फोडून घेऊ नकोस." वडिलांनी उभ्या जन्मात काचेचं काम पाहिलं नव्हतं. लॅबोरेटरीत आम्ही काचेच्या नळ्यांशी खेळतो, एवढंच मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते धरून ठेवलं होतं.

नापास झालो असतो तर शिष्यवृत्ती बंद झाली असती, वसतिगृहाची खोली गेली असती. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणं वगैरे गोष्टी ज्यांच्या घरी धान्य होतं त्यांच्यासाठी होत्या. मला एकच संधी होती. पास झालो तर कुठल्यातरी शाळेत विज्ञानाचा मास्तर, नाही तर खडी. मधलं काही नव्हतं आणि हे मला झोपेतसुद्धा पाठ होतं.

खोलीत माझ्यासोबत शहागडचा एक मुलगा राहायचा. गोदाकाठचा, जमीनजुमल्याच्या घरातला, अंगानं थोराड आणि स्वभावानं मऊ. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या लोट्यातलं पाणी मागून प्यायलं. त्याच वसतिगृहात माझ्या लोट्याला हात न लावणारी पोरं होती, म्हणून ते कायमचं माझ्या लक्षात राहिलं. त्यानं मात्र त्याचा कधी गाजावाजा केला नाही. तहान लागली होती, एवढंच त्याच्या लेखी.

लॅबोरेटरीतही आमची जोडी होती. रंग मोजायचं यंत्र, म्हणजे कलरीमीटर, कॉलेजात दोनच. त्यातलं एक अर्ध्या वेळा बिघडलेलं. म्हणून दोघादोघांनी मिळून काम करायचं. ही दोघादोघांची रीत सगळीकडे असते आणि सगळीकडे तिचं एकच होतं. एक करतो, दुसरा लिहितो. आमच्यात मी करायचो. माझा डोळा आणि हात बरा, अक्षर मात्र कोंबडीनं उकरल्यासारखं. त्याचं अक्षर छापल्यासारखं, आणि आलेख असा काढायचा की सरांनी तो इतर वर्गांत नेऊन दाखवावा. ठिपक्यांतून वक्ररेषा काढताना तो श्वास रोखायचा. मी बाजूला बसून बघायचो आणि मला खरंच वाटायचं की आम्ही दोघं मिळून एक चांगला विद्यार्थी आहोत. वर्षभरात त्यानं यंत्राच्या बटणाला बोट लावलं नाही आणि मी आलेखाच्या कागदाला पेन्सिल लावली नाही. परीक्षेत आपण वेगवेगळे बसणार, हे दोघांनाही माहीत होतं. माहीत असणं आणि सुचणं यात फरक असतो.

तो प्रयोग काय होता ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. लोखंडाचं एक मीठ असतं, फेरिक अलम. त्याच्या द्रावणात सॅलिसिलिक ॲसिडचं द्रावण घातलं की सुरेख जांभळा रंग येतो. दोन्ही द्रावणं वेगवेगळी जवळजवळ बिनरंगाची, रंग फक्त त्यांच्या जोडणीचा. प्रश्न असा की या जोडणीत लोखंडाच्या एका कणाला सॅलिसिलिकचे किती कण धरून बसतात? एक, दोन की तीन? डोळ्यांना तर ते दिसत नाहीत. मग दोन्ही द्रावणं अगदी सारख्या ताकदीची करायची आणि नऊ नळ्या मांडायच्या. पहिल्या नळीत सॅलिसिलिक एक भाग, लोखंड नऊ भाग. दुसरीत दोन आणि आठ. असं करत नवव्या नळीत सॅलिसिलिक नऊ, लोखंड एक. प्रत्येक नळीत एकूण भाग दहाच. एक वाढवायचा की दुसरा तेवढाच कमी करायचा. पुस्तकात याला कंटिन्युअस व्हेरिएशनची पद्धत म्हणत.

मग एकेक नळीतलं पाणी यंत्रात घालून त्याचा रंग किती प्रकाश गिळतो ते वाचायचं. जिथं दोघांचं प्रमाण जोडणीला बरोबर पुरतं, कोणीही उरत नाही, तिथं रंग सगळ्यांत गडद. आलेख काढला की तो डोंगरासारखा चढतो आणि उतरतो. टोक पाचव्या नळीवर आलं, म्हणजे पाचाला पाच, तर जोडणी एकास एक. टोक सहा आणि सातच्या मध्ये, साताच्या जरा जवळ आलं तर एका लोखंडाला दोन सॅलिसिलिक. बस, एवढंच. मला हा प्रयोग फार आवडायचा. न दिसणाऱ्या गोष्टीला आपण नऊ नळ्या मांडून बोलतं करतो, याचा मला अभिमान वाटायचा.

या प्रयोगाचं उत्तर एकास एक, हे आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत होतं. त्यामुळं बहुतेक पोरं रीडिंग घेतच नसत. आधी पाचवर टोक असलेला डोंगर काढायचा, मग त्याच्यावरून रीडिंग उतरवून घ्यायची आणि दोनचार ठिपके मुद्दाम जरा वरखाली करायचे, म्हणजे खरं वाटतं. याला आमच्याकडं 'घरची रीडिंग' म्हणत. सरांनाही ठाऊक होतं. आमचे सर वाईट नव्हते, दमलेले होते.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना हाच प्रयोग आला, कारण बाकीच्या प्रयोगांना पाणी जास्त लागत होतं.

पाण्याचं असं होतं. कॉलेजची विहीर तळाला गेली होती. ऊर्ध्वपातित पाणी बनवायचं आमचं यंत्र बंद पडलं होतं, कारण वाफ थंड करायला त्याला सतत धार लागते, आणि ती धार आणायची कुठून? मागच्या आठवड्यांत साठवलेलं थोडं शुद्ध पाणी होतं, ते लोखंडाच्या द्रावणाला वापरलं. लोखंड विहिरीच्या पाण्यात घातलं की तांबूस गाळ बसतो, ते सगळ्यांना दिसतं. सॅलिसिलिक मात्र विहिरीच्या पाण्यात घातलं तरी द्रावण स्वच्छ राहतं. म्हणून त्या सालची सॅलिसिलिकची मोठी बाटली फडक्यानं गाळलेल्या विहिरीच्या पाण्यात केली होती. हे आम्हा पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. द्रावणात नेहमीसारखं थोडं हायड्रोक्लोरिक घातलं होतं, तेवढ्यानं भागेल असं सरांना वाटलं असावं.

बाहेरचे परीक्षक नांदेडकडून आले होते. बारीक, टापटीप, पांढरा शर्ट, कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी यंत्र बघितलं, बाटल्या उजेडाकडं धरल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

मी नऊ नळ्या मांडल्या. ब्युरेटनं, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या उभ्या नळीनं, एकेक भाग मोजून घातला. यंत्रात हिरवी काच बसवली, साध्या पाण्यावर काटा शून्यावर आणला आणि वाचायला लागलो. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी बरोबर चढत गेल्या. पाचवी आणखी वर. आता सहावी उतरणार म्हणून मी बघतो तर सहावी पाचवीपेक्षा वर. सातवी जवळजवळ सहावीएवढी. मग उतार.

मी सातवी परत वाचली. तेच. शून्य परत केलं. तेच.

घाम फुटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पंखे बंद होते, उन्हाळा होता, पण हा घाम निराळा होता. मी पाच आणि सहा नव्यानं केल्या. द्रावण मोजूनमापून दिलेलं, पाणी तर त्याहून मोजून, त्यामुळं आणखी करायला काही उरलं नव्हतं. पुन्हा सहावी वर. माझा हात चुकला असेल? ब्युरेट? डोळा? मला वर्षभर ज्याचा माज होता तोच हात मला नेमक्या दिवशी दगा देत होता. डोक्यात नुसतं खडीच्या ढिगावरचं ऊन चमकत होतं. मला वडिलांचा राग आला, त्या काचेच्या वाक्याचा राग आला. तेवढ्यात डोळे भरून आले, आणि दोन्ही हातांत पाचवी आणि सहावी नळी.

सर माझ्यामागून गेले. माझ्या कागदावर नजर टाकून थांबले आणि ओठ न हलवता म्हणाले, "पाचवर आण. वेडेपणा करू नको."

पलीकडच्या टेबलावर माझा शहागडचा सोबती आलेखाचा कागद पुढं घेऊन श्वास रोखून बसला होता. त्याच्या नळ्या भरलेल्या होत्या, पण यंत्राकडं तो एकदाच जाऊन आला होता. दाखवण्यापुरता. त्याच्या कागदावर डोंगर तयार होता. टोक पाचवर. त्यानं माझ्याकडं बघितलं, भुवया उडवल्या, आणि हळूच म्हणाला, "काय करून राह्यला रं? टाक की पाच अन् हो मोकळा."

"न्हाई येऊन राह्यलं पाच."

"आणायचं असतंय ते. येत न्हाई."

तो चेष्टेनं म्हणाला नाही. त्याला माझी काळजीच होती. मी पेन्सिल उचलली सुद्धा. खोटं लिहायला मला तत्त्वाची अडचण नव्हती, हे मी आज स्पष्ट सांगतो. ज्याच्या आईच्या तळहाताला खडीनं भेगा पडल्या आहेत त्यानं तत्त्व कुठून आणायचं? पण मला आलेख काढता येत नव्हता. खरंच येत नव्हता. डोंगर आधी काढून त्यावरून रीडिंग उतरवायची तर डोंगर तर काढता आला पाहिजे. मी काढला तो उंटाच्या पाठीसारखा झाला. खोडला. दुसरा काढला, तो त्याहून वाईट. माझ्याजवळ माझी रीडिंग सोडून दुसरं काहीच नव्हतं.

मग मी नळ्यांकडं बघत बसलो, कारण बघण्याशिवाय करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आणि बघता बघता मला दिसलं की त्या सगळ्या एका रंगाच्या नाहीत. पहिलीपासून चौथीपर्यंत जांभळा. पाचवीपासून त्यात तांबडं शिरत गेलेलं. आठवी, नववी तर विटेच्या रंगाची. वर्षभर हा प्रयोग मी केला होता, नळ्या फिक्या-गडद व्हायच्या, पण रंग जांभळाच असायचा.

एकच जोडणी असेल तर एकच रंग हवा. दोन रंग म्हणजे दोन प्रकारच्या जोडण्या. लोखंडाला आंबट, म्हणजे ॲसिडच्या, पाण्यात एक सॅलिसिलिक धरतं, आणि आंबटपणा कमी झाला की दुसरंही येऊन चिकटतं, हे वर्गात एकदा सांगितलेलं होतं. म्हणजे सॅलिसिलिक जास्त असलेल्या नळ्यांत आंबटपणा कमी होत होता. सॅलिसिलिकच्या बाटलीतलंच काहीतरी हायड्रोक्लोरिक खाऊन टाकत होतं. आमच्या विहिरीचं पाणी खारं. चहाच्या भांड्याला त्याची पांढरी खपली बसायची, रोज बघत होतो. त्या पाण्यातला खार ॲसिड मारतो.

माझा हात चुकला नव्हता. यंत्रही चुकलं नव्हतं. नळ्यांत जे होतं तेच त्या सांगत होत्या, फक्त ही पद्धत एकाच जोडणीसाठी आहे आणि माझ्यासमोर दोन जोडण्या मिसळलेल्या होत्या. त्या टोकावरून एकास एक म्हणता येत नव्हतं आणि एकास दोनही म्हणता येत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो. आणि उभा राहिल्यावर परीक्षकांची नजर माझ्यावर पडली.

ते आले. माझा कागद बघितला. "टोक सहा-सातच्या दरम्यान? एकास दोन लिहिणार का तुम्ही?"

"नाही सर."

"मग एकास एक?"

"तेही नाही सर. द्रावणात दोन प्रकार आहेत. आंबटपणा सगळ्या नळ्यांत सारखा नाही."

"सिद्ध करा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उत्सुकताही नव्हती.

मी आठवी नळी घेतली, विटेच्या रंगाची. सौम्य हायड्रोक्लोरिकची बाटली उचलली. जास्त पडलं असतं तर रंगच उडून गेला असता आणि मीही त्याच्याबरोबर. एक थेंब टाकून हलवलं. काही नाही. दुसरा टाकला. नळीतला तांबूसपणा सरकला आणि पाणी जांभळं झालं. स्वच्छ, वर्षभर ओळखीचं जांभळं.

परीक्षकांनी नळी माझ्या हातातून घेतली, खिडकीकडं धरली. मग सरांकडं वळून शांतपणे विचारलं, "सॅलिसिलिक कुठल्या पाण्यात केलंय?"

सरांनी सांगितलं. खोटं बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मला वाटलं, सुटलो. क्षणभरच वाटलं. कारण परीक्षक पुढं जे बोलले ते मी धरून चाललोच नव्हतो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. म्हणाले, "बाटली सगळ्यांची एकच. मग यांच्या नळ्यांत दोन रंग आणि तुमच्या सगळ्यांच्या आलेखांना पाचवर इतकं सुंदर टोक कसं?"

ते टेबलांमधून चालत गेले आणि शहागडच्या माझ्या सोबत्याजवळ थांबले, कारण त्याचा आलेख सगळ्यांत देखणा होता. त्याच्या आठव्या-नवव्या नळ्या समोरच उभ्या होत्या, विटकरी. त्यांनी एकदा नळ्यांकडं बघितलं, एकदा आलेखाकडं. तो उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

परीक्षा रद्द करतो असं परीक्षक म्हणाले नाहीत. ते म्हणाले, चूक कॉलेजची आहे, द्रावण सदोष होतं, म्हणून उद्या सकाळी सगळ्यांनी हा प्रयोग पुन्हा करायचा. शुद्ध पाण्यात. प्रत्येक जण यंत्रावर रीडिंग घेईल तेव्हा मी शेजारी उभा राहीन, असंही म्हणाले. पाणी आणायचं काम तुमचं.

बाहेर व्हरांड्यात पोरांनी मला घेरलं. एकानं कॉलर धरली. "लई शाना झाला का? सगळ्यायला बुडवलं. पास व्हायचं तर एकट्यानं गुमान व्हायचं ना!" माझ्या जातीचंही कोणीतरी काढलं. मी हात उगारला, मी काही संत नव्हतो. तो मध्ये आला. शहागडचा. त्यानं कॉलर धरणाऱ्याचा हात सोडवला आणि म्हणाला, "सोडा त्याला. पाण्याचं बघा आधी. बोंबलून पाणी येत न्हाई."

पाण्याचं त्यालाच सुचलं. एस.टी.च्या डेपोत बॅटरीत घालायचं पाणी असतं, तेही शुद्ध केलेलंच. त्याचा कोणी नातेवाईक डेपोत मेकॅनिक होता. आम्ही दोघं दोन डबे घेऊन उन्हात डेपोपर्यंत चालत गेलो. वाटेत मीच म्हणालो, "मला वाटलं न्हवतं रे असं व्हईल."

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "तुझं बराबर व्हतं. पर आता माझं कसं?"

आपण बरोबर होतो याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. पण बरोबर असण्याचा इतका तिटकारा मला परत कधी आला नाही. परतीला त्यानं दोन्ही डबे स्वतः उचलले. मी एक मागितला, तर म्हणाला, "राहू दे, उद्या तुझा हात थरथरायचा."

संध्याकाळी लॅबोरेटरीला कुलूप होतं. यंत्रावर हात बसवायला मिळणार नव्हता. मी खोलीत लोटा आणि पेला मांडून त्याला सगळं समजावून सांगितलं. हे यंत्र, हा दिवा, ही हिरवी काच, हे बटण. तो मान हलवत होता. मीही त्याच्याकडून आलेख शिकलो. त्यानं माझी बोटं धरून रेघ ओढायला लावली. "श्वास रोख," म्हणाला. "अन् ठिपक्याला चिकटू नको. मधून जा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्या जांभळ्या होत्या. पहिलीपासून नववीपर्यंत एकच रंग, पाचवीकडं गडद होत जाणारा आणि पुढं फिका होत जाणारा. माझी पाचवी सगळ्यांत वर आली. मी श्वास रोखून रेघ काढली. ती वाकडीच आली, पण टोक पाचवर होतं. परीक्षक बघून म्हणाले, "आलेख वाईट आहे. रीडिंग चांगली आहेत." आणि सही केली.

त्याचा नंबर माझ्यानंतर होता. यंत्राजवळ परीक्षक उभे होते, मी माझ्या नळ्या धुवायच्या निमित्तानं दोन हातांवर. त्यानं पहिली नळी सरळ यंत्रात घातली. साध्या पाण्यावर काटा शून्यावर न आणताच. काटा भलतीकडं जाऊन थांबला. त्यानं एक बटण फिरवलं, मग दुसरं. पेल्यावर आणि लोट्यावर शिकवलेलं यंत्र आणि हे यंत्र त्याला जुळवता येईना. कपाळावरून घाम त्याच्या हनुवटीपर्यंत आला होता.

मग त्यानं मान किंचित वळवली आणि अगदी हळू विचारलं, "शून्य कुठं करायचं रं?"

वर्षभर तो माझ्या शेजारी बसला होता. वर्षभर मी शून्य करत होतो आणि तो लिहीत होता.

मी तोंड उघडलं. परीक्षक म्हणाले, "तुमचं झालंय. तुम्ही बाहेर जा."

मी गेलो.

निकालात माझा नंबर होता. बॅचमधले आणखी बरेच जण काठावर सुटले. त्याचा नंबर नव्हता. तो गावी निघाला त्या दिवशी मी त्याची पेटी स्टँडवर पोचवली. गाडी लागल्यावर त्यानं पाणी मागितलं. मी लोटा पुढं केला, तो घटाघटा प्यायला आणि लोटा परत दिला. म्हणाला, "मास्तर झालास की पोरांना जोडीनं बसवू नको."

पुढं तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. जोडीनं बसवलं नाही. यंत्र एकच असेल तर पोरांची रांग लावायचो, आणि प्रत्येकाला आधी एकच गोष्ट करायला लावायचो. शून्य.

एकदा एक मुलगी कंटाळून म्हणाली, "सर, माझ्या आधीच्यानं शून्य केलंयच की." मी तिच्यावर केवढ्यानं तरी ओरडलो. मग मी काटा मुद्दाम हलवून ठेवला आणि तिला म्हणालो, "तू कर."

तिनं केलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो, आणि ती बटण शोधत होती तेवढा वेळ मला श्वास घेता येत नव्हता.